अनुक्रमणिका आधी, पुस्तक नंतर: एका वचनाभोवती प्रकरणं कशी रचायची

माहितीपर पुस्तक लिहायला घेतलेल्या बहुतेकांच्या वहीत पहिल्या पानावर विषयांची यादी असते. विषय ठाणे खाडीतले पक्षी असेल, तर ती साधारण अशी होते: खाडीचा इतिहास, कांदळवन, रोहित, बगळे, तुतवार, कुरव, दुर्बीण आणि कॅमेरा, प्रदूषण, संवर्धन. नऊ प्रकरणं झाली, आराखडा तयार झाला असं वाटतं आणि लेखक पहिल्या प्रकरणाला बसतो.

या यादीतलं चौथं प्रकरण सातव्याच्या जागी नेऊन बघा. काहीच बिघडत नाही. कांदळवन शेवटी टाकलं तरी चालतं. प्रकरणांचा क्रम बदलून काहीच मोडत नसेल, तर त्या प्रकरणांचा एकमेकांशी संबंध नाही. वाचक कुठूनही उघडेल आणि कुठेही मिटेल. कोशासाठी हे ठीक आहे. पण ज्या पुस्तकाने वाचकाला एका जागेवरून दुसऱ्या जागी न्यायचं आहे, त्याला ही यादी पुरत नाही.

हाच विषय धरून आराखडा पायरीपायरीने बांधू. समजा, ऐरोलीत राहणाऱ्या एका लेखिकेला हे पुस्तक लिहायचं आहे. ती अनेक हिवाळे खाडीवर जाते आहे आणि तिच्या टिपणांच्या वह्या भरल्या आहेत. माहिती भरपूर आहे, अडचण आहे ती निवडीची.

वचनाचं वाक्य

आधी एकच वाक्य लिहायचं: पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाला काय करता येईल? ‘काय कळेल’ हा प्रश्न मुद्दाम टाळायचा. ‘खाडीच्या पक्षिजीवनाची ओळख होईल’ हे वाक्य खोटं ठरूच शकत नाही, म्हणून ते निरुपयोगी आहे. त्यावरून कुठलाही मजकूर आत येतो आणि कुठलाच बाहेर जात नाही.

लेखिकेचा पहिला प्रयत्न असा असेल: ‘या पुस्तकामुळे तुम्हाला खाडीवर रोहित पक्षी दिसतील.’ वाक्य आकर्षक आहे, पण ते पाळणं तिच्या हातात नाही. पक्षी कधी येतील आणि किती येतील हे हवामान, चिखलातलं खाद्य आणि पाणथळ जागांची अवस्था यांवर ठरतं. वचन नेहमी वाचकाच्या क्षमतेचं द्यावं. जगाने त्याच्याशी कसं वागावं याचं वचन लेखकाने देऊ नये. वकिलीवरच्या पुस्तकात ‘खटला जिंकाल’ असं लिहीत नाहीत, ‘तक्रार अर्ज स्वतः तयार कराल’ असं लिहितात.

दुसरा प्रयत्न: ‘तुम्ही पक्षी ओळखाल, त्यांचे फोटो काढाल आणि खाडी वाचवायला हातभार लावाल.’ इथे ‘आणि’ने तीन पुस्तकं जोडली आहेत. फोटोग्राफी शिकायला आलेला वाचक आणि पक्षी ओळखायला आलेला वाचक वेगवेगळ्या ठिकाणी अडतात. दोघांना एकाच प्रकरणात बसवलं, तर अर्धं प्रकरण प्रत्येकाला नको असतं.

तिसऱ्या प्रयत्नाला कामाचं वाक्य सापडतं: ‘डिसेंबर ते मार्चमधल्या कुठल्याही सुट्टीच्या सकाळी, साधी दुर्बीण घेऊन, कुणाला बरोबर न नेता, तुम्ही ठाणे खाडीच्या नवी मुंबईकडच्या काठावर योग्य वेळी योग्य जागी उभे राहाल आणि समोरचा पक्षी कुठल्या गटातला आहे ते सांगाल, नेहमीचे वीस पक्षी तर नावानिशी.’

वाक्य लांब आहे आणि मुखपृष्ठावर जाणार नाही. पण यात काळ, साधन, जागा आणि मर्यादा, सगळं आलं. शिवाय ते तपासता येतं. वाचकाला खाडीवर उभं करा, त्याला सांगता येतं की नाही ते दिसेल. ‘वीस’ हा आकडाही महत्त्वाचा आहे. खाडीवर त्याहून कितीतरी जास्त जाती दिसतात, पण दोनशे पक्ष्यांचं वचन दिलं की पुस्तक पुन्हा कोशाकडे वळतं.

मागून पुढे

आता पहिल्या प्रकरणाकडे न जाता शेवटच्या सकाळकडे जायचं. वाचक काठावर उभा आहे आणि पक्ष्याचं नाव घेतो आहे. त्याआधी त्याला काय यायला हवं? पक्ष्याचा गट. गट कशावरून ठरतो? चोच, पाय, आकारमान आणि चालण्याची ढब यांवरून. ही लक्षणं दिसायला काय लागतं? पक्षी पुरेसा जवळ हवा आणि उजेड आपल्या पाठीमागून हवा. जवळ कधी येतो? भरतीचं पाणी चिखल व्यापत जातं आणि पक्षी काठाकडे सरकतात तेव्हा. ऐन ओहोटीला ते मैलभर पसरलेल्या चिखलावर ठिपक्यांसारखे दिसतात, आणि भरती पूर्ण झाली की बरेचसे चिखल सोडून सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विश्रांतीला जातात.

चारपाच प्रश्नांत कणा हाती आला: वेळ, जागा, लक्षणं, गट, नाव. पहिल्या यादीत भरतीचं प्रकरणच नव्हतं, हे लक्षात आलं असेल. लेखिकेला भरती-ओहोटी इतकी अंगवळणी पडली आहे की ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच तिला सुचलं नाही. जाणकार माणसाच्या आराखड्यात नेमका पहिला टप्पा गळतो. मागून पुढे येण्याचा मोठा फायदा हाच, की गळलेला टप्पा आपोआप समोर येतो.

हे प्रश्न कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहावेत, एका चिठ्ठीवर एक क्षमता. ‘भरतीची वेळ काढता येते.’ ‘चोचीची लांबी डोक्याच्या तुलनेत सांगता येते.’ चिठ्ठीवर क्रियापद हवंच. नुसतं ‘कांदळवन’ असं लिहिलेली चिठ्ठी बाजूला ठेवावी. तिच्यातून वाचकाला काय करता येईल हे ठरल्याशिवाय ती रांगेत येत नाही.

प्रत्येक प्रकरणाचं कार्ड

चिठ्ठ्यांचे गट पडले की प्रत्येक गटाचं एक प्रकरण होतं. प्रत्येक प्रकरणासाठी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चार ओळी लिहायच्या: येताना वाचकाला काय येतं, जाताना काय येईल, मधे तो कुठे अडेल, आणि कुठला प्रश्न मनात घेऊन तो पुढच्या प्रकरणात जाईल. चारपेक्षा जास्त ओळी झाल्या तर मजकूर लिहायला सुरुवात झाली समजा. थांबा.

आपल्या पुस्तकातलं सगळ्यात अवघड प्रकरण घेऊ: चिखलावरचे छोटे करडे पक्षी. तुतवार, टिलवे आणि त्यांचे भाईबंद नवशिक्याला सारखेच दिसतात, आणि बरेच जण इथेच नाद सोडतात. कार्ड असं होईल:

येताना: वाचक योग्य वेळी काठावर पोचतो, पक्ष्याची चोच सरळ की वाकडी, डोक्यापेक्षा लांब की आखूड हे सांगतो, लहान-मोठा आकार ताडतो.
जाताना: मिश्र थव्यातून चार गट वेगळे काढतो, लाल पायांचा टिलवा नावानिशी ओळखतो.
अडचण: तो रंगाकडे बघतो. हिवाळी पिसाऱ्यात हे सगळे करडे-तपकिरीच असतात.
पुढचा प्रश्न: मार्चमध्ये यातलेच काही पक्षी तांबूस का दिसू लागतात?

आता ‘येताना’ची ओळ मागच्या कार्डांवरच्या ‘जाताना’ ओळींशी जुळवून बघायची. संपूर्ण पद्धतीतलं खरं काम हे आहे. ‘योग्य वेळी पोचतो’ हे भरतीच्या प्रकरणात मिळालं. चोचीचं चोचीच्या प्रकरणात मिळालं. पण ‘लहान-मोठा आकार ताडतो’ हे कुठे शिकवलं? कुठेच नाही. दूरवरच्या सपाट चिखलावर एकट्या पक्ष्याचा आकार कळत नाही, शेजारी ओळखीचा पक्षी मापाला लागतो. शेकाट्या त्यासाठी उत्तम: काळे पंख, पांढरं अंग, लांबलचक गुलाबी पाय, आणि खाडीवर तो सहज भेटतो. मग शेकाट्या मोठ्या पक्ष्यांच्या प्रकरणात मुद्दाम आणायचा आणि तिथेच त्याचा मापासारखा उपयोग शिकवायचा. दोन प्रकरणांनंतर तो कामाला येतो. जोडणी नसती तपासली, तर ही उणीव हस्तलिखित पूर्ण झाल्यावर एखाद्या वाचकाने दाखवली असती, आणि तोवर मोठ्या पक्ष्यांचं प्रकरण पक्कं होऊन गेलं असतं.

क्रम ठरवताना एक अपवाद

कण्याप्रमाणे पहिलं प्रकरण भरतीचं यायला हवं. पण मी ते पहिलं ठेवणार नाही. पुस्तक उघडलेल्या माणसाला अजून एकही पक्षी दिसलेला नाही आणि आपण त्याला तिथ्या मोजायला बसवतो आहोत. तो टिकणार नाही.

म्हणून पहिलं प्रकरण रोहितचं. मोठा, गुलाबी, न चुकणारा पक्षी. खाडीवर त्याच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित उंच आणि फिकट, त्याची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. छोटा रोहित ठेंगणा, त्याची चोच दुरून पाहता सगळीच गडद वाटते. वाचक पहिल्याच प्रकरणात चोच बघून दोन जाती वेगळ्या करतो. वचनातलं कौशल्य लहान प्रमाणात त्याच्या हाती येतं. आणि प्रकरणाच्या शेवटी त्याला सांगायचं: त्याच जागी दुपारी पुन्हा जा. बहुधा चित्र पार बदललेलं असेल, सकाळी जवळ असलेले पक्षी लांब गेलेले असतील किंवा गायब झालेले असतील. का? आता दुसरं प्रकरण तो स्वतःहून उघडेल.

पहिलं प्रकरण कण्याबाहेरचं ठेवायला हरकत नाही, पण दोन अटींवर: त्याला आधीच्या कुठल्याही माहितीची गरज नसावी, आणि त्यातून निघालेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रकरणात यावं.

दुसऱ्या प्रकरणात भरतीचं गणित येतं. रोज दोन भरत्या, दोन ओहोट्या. कालची भरतीची वेळ आज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. आपल्याकडचा जुना हिशोबही इथे सांगता येतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. खाडीत आत ती थोडी उशिरा होते. नेमकेपणासाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतंच. पण हा हिशोब वाचकाच्या लक्षात राहतो, आणि कॅलेंडर तर घरोघरी असतं. तिसऱ्या प्रकरणात जागा: ऐरोली, वाशी, सीवूड्स हा खाडीचा पूर्व काठ असल्याने सकाळी सूर्य पाठीमागे असतो, आणि पलीकडे भांडुप किंवा शिवडीला उभं राहिलं तर सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. वचनात ‘सकाळी’ आणि ‘नवी मुंबईकडच्या काठावर’ हे शब्द कशासाठी होते ते इथे वाचकाला उमगतं.

पुढचा क्रम मग फारसा त्रास देत नाही: मोठे पक्षी आणि शेकाट्याचं माप, चोच आणि चिखलातलं अन्न, छोटे करडे पक्षी, उडणारे कुरव आणि सुरय, हंगाम आणि बदलणारा पिसारा, आणि शेवटी वही घेऊन घालवलेली एकट्याची सकाळ, जिथे वचन शब्दशः पुरं होतं.

उरलेल्या मजकुराचं काय

इतिहास, कांदळवन, प्रदूषण, संवर्धन. लेखिकेचा जीव या चारांत जास्त आहे, आणि तंटा इथेच होतो.

कांदळवनाची सोय लागली. चिखलात खेकडे, गोगलगायी, किडे का टिकतात हे सांगायला ते चोचीच्या प्रकरणात येतं, कारण कुणाची चोच किती खोल जाते हे त्या अन्नावर ठरतं. पूर्ण प्रकरणाऐवजी चार पानं, पण योग्य जागी. इतिहासातल्या दोन गोष्टी जागांच्या प्रकरणात बसतात: खाडीचा एक भाग २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. कुठे जायला परवानगी लागते आणि का, याच्याशी त्यांचा संबंध आहे. बाकीचा इतिहास, माझ्या मते, बाहेर.

प्रदूषण आणि संवर्धन हे दुसऱ्या पुस्तकाचं वचन आहे. ‘खाडीवर अन्याय होतो आहे’ हे पटवून देणारं पुस्तक लिहावं, जरूर लिहावं. पण त्याचा वाचक वेगळा आहे आणि त्याचा कणाही वेगळा. या पुस्तकात त्यातला एकच धागा टिकतो: शेवटच्या प्रकरणातल्या वहीत तारीख, वेळ, जागा आणि अंदाजे संख्या नीट लिहिली, तर काही वर्षांनी ती नोंद पुरावा म्हणून उभी राहते. एवढं सांगून थांबायचं. गाळलेल्या मजकुरासाठी वेगळी फाइल ठेवावी, नाहीतर तो ‘जाता जाता’ म्हणत मनोगतात, तळटिपांत आणि परिशिष्टात परत शिरतो.

पानांची वाटणी

लहान-मोठी प्रकरणं बघून लेखक उगाच अस्वस्थ होतात. वाचक जिथे सर्वांत जास्त अडतो तिथे पानं जास्त जायला हवीत. हे पुस्तक चाळीस हजार शब्दांचं धरलं आणि डेमी आकाराच्या पानावर अडीचशे शब्द धरले, तर १६० पानं होतात, म्हणजे सोळा पानांचे दहा फर्मे. चित्रं वेगळी. यातले नऊ हजार शब्द करड्या पक्ष्यांच्या एकाच प्रकरणाला द्यावेत, रोहितला अडीच हजार पुरतात. लेखिकेचा कल नेमका उलट असेल, कारण रोहितबद्दल लिहायला मजा येते.

रंगीत चित्रं वेगळ्या आर्ट पेपरवर छापून फर्म्यांच्या मधे घालायची असतील, तर ती कुठेही बसत नाहीत. करड्या पक्ष्यांची चित्रं त्या प्रकरणाच्या जवळ यावीत असं वाटत असेल, तर आराखड्याच्या टप्प्यावरच प्रकाशकाशी बोलावं. पानं लागल्यावर ते बदलणं महाग पडतं.

तपासणी

कार्डं टेबलावर ओळीने मांडा आणि एक कार्ड उचला. पुढच्या कुठल्या कार्डाची ‘येताना’ ओळ अधांतरी झाली? एकही नाही, तर ते प्रकरण एकतर गाळण्याजोगं आहे किंवा दुसऱ्यात विरघळण्याजोगं. आपल्या उदाहरणात कुरवांचं प्रकरण या तपासणीत डळमळतं. त्याच्यावाचून हंगामाचं प्रकरण अडत नाही असं आधी वाटतं. पण मार्चमध्ये कुरवाच्या डोक्यावर गडद टोपी चढू लागते, आणि पिसारा बदलण्याचं ते सर्वांत सोपं उदाहरण आहे. तोच दुवा कार्डावर लिहिला की प्रकरण टिकतं, आणि लिहिताना कशावर भर द्यायचा हेही ठरतं.

दुसरी खूण लिहिताना सापडते. मजकुरात ‘हे आपण पुढे पाहणारच आहोत’ असं वारंवार येऊ लागलं, तर क्रम चुकला आहे. ‘मागे पाहिल्याप्रमाणे’ मात्र चांगली खूण आहे. प्रकरणं एकमेकांच्या आधाराने उभी आहेत असं ती सांगते.

तिसरी तपासणी दुसऱ्या माणसाकडून करून घ्यायची. विषय न जाणणाऱ्या कुणाला तरी फक्त ‘जाताना’च्या नऊ ओळी वाचायला द्या, पुस्तकाचं नाव आणि वचन सांगू नका. मग विचारा: या पुस्तकाने काय करता येईल? उत्तर तुमच्या वचनाच्या जवळपास आलं तर आराखडा लागला. ‘पक्ष्यांची माहिती आहे’ असं उत्तर आलं तर क्रियापदं ढिली आहेत. घरच्या माणसांना हे विचारू नये, त्यांना वचन कधीचं पाठ झालेलं असतं.

दुसऱ्यांची पुस्तकं याच नजरेने तपासल्याने हात बसतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयासारखं, १८९३ पासून चालत आलेलं ग्रंथालय जवळ असेल तर एक दुपार काढावी. आपल्या विषयाशी संबंध नसलेली पाचसहा माहितीपर पुस्तकं काढून फक्त अनुक्रमणिका वाचाव्यात आणि कुठली दोन प्रकरणं अदलाबदल केली तर पुस्तक मोडेल ते शोधावं. पाककृती, बागकाम, कर, शेअर बाजार, काहीही चालेल.

ही पद्धत सगळीकडे लागू पडत नाही. आठवणी, ललितलेखांचा संग्रह, चरित्र यांना वाचकाच्या क्षमतेचं वचन लावायला गेलं तर ती पुस्तकं बिचकतात. त्यांचा क्रम काळाने किंवा सुराने ठरतो.

तीन प्रकरणांचा कच्चा खर्डा झाला की कार्डं पुन्हा काढावीत. लिहिताना बहुतेक वेळा ‘अडचण’ची ओळ बदलते, कारण वाचक कुठे अडेल हे समजावून सांगायला बसल्यावरच कळतं. ती ओळ खुशाल बदला. ‘जाताना’ची ओळ बदलली तर पुढची सगळी कार्डं पुन्हा जुळवावी लागतात. आणि वचनच बदलावंसं वाटलं, तर लेखन थांबवून शेवटच्या सकाळपासून पुन्हा मागे यावं. तीन प्रकरणांवर हे एका आठवड्याचं काम आहे, आठव्या प्रकरणानंतर मात्र पुस्तक पुन्हा लिहावं लागतं.